वाळवणातली सोलर प्लेट

सौदा करायचा तर माणसानं बारा महिन्यांचा विचार करून करावा. मी संक्रांतीच्या उन्हाला भुललो आणि चैत्रात तोंडावर आपटलो. पोस्टाच्या काउंटरवर उभा जन्म लोकांना "फॉर्म नीट वाचा" म्हणत ओरडलेला मी, आणि स्वतः मात्र सूर्य कुठून कुठं जातो एवढंही वाचलं नाही!

लातुरात आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि दक्षिणेला एक बाल्कनी. दोन वर्षांपूर्वी बायकोला लकवा मारला आणि तिची डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. "देवानं नेमकी तेवढीच ठेवली," असं मी वैतागून म्हणालो की ती म्हणायची, "मंग? तुमच्यासारख्याला वळण लावायला दुसरं काय लागतंय?"

पण मागच्या दिवाळीनंतर ती जीभही गप्प होत चालली. एका जागी पडून पडून कमरेखाली जखम झाली होती. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनं हवेची गादी आणायला लावली. तिला एक छोटा पंप असतो. तो गादीचे कप्पे आळीपाळीनं फुगवतो, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही. पंप खातो किती? झिरोच्या बल्बाएवढं. पण लाईट गेली की पंप बंद, आणि मग थोड्या वेळात गादी बसायला लागते. "काका, ही जखम हाडापर्यंत जाऊ द्यायची नसेल तर गादी बसू देऊ नका," सिस्टरनं मला जिन्यात गाठून सांगितलं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आमच्या गल्लीतली लाईट म्हणजे पाहुणीच, आली तर आली. घरचा इन्व्हर्टर जुना. दोन तासांत मान टाकायचा, आणि दिवसभर लाईटच नसली तर तो बिचारा भरणार तरी कशानं? म्हणून मी घडीची सोलर प्लेट आणि तिच्यासोबतची बॅटरीची पेटी आणली. प्लेट चार घड्यांची, सुटकेससारखी उचलता येणारी. पेटीला समोर आकडे दिसतात. प्लेटीकडून किती वॅट येतायत, पेटी किती भरली, किती तास चालेल. गादीचा पंप थेट पेटीला लावायचा. भिंतीला खिळा नाही, मीटरशी संबंध नाही, कुणाची परवानगी नाही.

पौष-माघात काय थाट! कललेलं ऊन बाल्कनीतून थेट बायकोच्या पलंगापर्यंत यायचं. सुरुवातीला ग्रिलच्या गजांची सावली प्लेटीवर पडून आकडा वीसच्या वर जाईना. मग मी प्लेट ग्रिलच्या बाहेरून बांधली तर साठ-पासष्टला गेला. मी येईल-जाईल त्याला आकडा दाखवत होतो. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही.

होळी झाली आणि आकडा खाली यायला लागला. पन्नास, तीस, पुढं बारा. मला वाटलं प्लेट बिघडली. दोनदा पुसली, वायर उलटसुलट करून पाहिली, दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "काका, बाल्कनीत जाऊन वर बघा." बघितलं. वरच्या बाल्कनीचा स्लॅब. सूर्य आता डोक्यावर चढला होता आणि दक्षिणेची आमची बाल्कनी भर दुपारी सावलीत होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन रणरणायलंय आणि माझ्या प्लेटीला त्यातलं मूठभर मिळंना! आपल्याच मूर्खपणाची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

ऊन होतं ते गच्चीवर, आणि गच्ची आमची नव्हती. बिल्डरनं कागदोपत्री ती तिसऱ्या मजल्यावरच्या शेठला लिहून दिलेली. शेठ गंज बाजारात धान्याची आडत करतो. माणूस वाईट नाही, पण कागदाला पक्का. मी वर गेलो, हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची अडचण खरी हाय. पण आज तुमची प्लेट, उद्या कुणाची पाण्याची टाकी, परवा कुणी टॉवर बसवंल. एकदा बसवलेलं निघत न्हाई. माफ करा."

मी मास्तर नव्हतो, पण चष्मा लावणाऱ्या सगळ्यांना तो गुरुजीच म्हणतो. मी काहीतरी तिखट बोललो आणि दार आपटून खाली आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिचं नेहमीचं ठरलेलं होतं: "जाऊ द्या. कशाला माझ्यापायी लोकांच्या पाया पडायलात? किती दिवस राहिलेत आता." हे ऐकलं की मला रडूही यायचं आणि रागही यायचा. त्या दिवशी राग आला. "तू मर, मी तुझ्या नावानं शेठशी भांडतो," मी म्हणालो. तिनं वर पंख्याकडं बघितलं. मग म्हणाली, "अहो, बसवायची कशाला? वाळवण म्हणून न्या की."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग उलगडलं. होळीपासून मृगापर्यंत आमच्या बिल्डिंगची गच्ची बायकांची असते. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. सकाळी शेठाणी कुलूप काढते, संध्याकाळी लावते, आणि त्यावर शेठही कधी ब्र काढत नाही. सकाळी पसरायचं, सांजेला गोळा करायचं. आमच्या हिनंच हे वळण पाडलेलं, चालत होती तेव्हा.

तिनं उजव्या हातानं फोन उचलला आणि शेठाणीला लावला. स्पीकरवर. "वहिनी, यंदा माझं बी वाळवण हाय. सकाळी पसरायचं, सांजच्याला काढायचं. आमचे हे घेऊन येतील." शेठाणी म्हणाली, "अगं बाई! कशाचं वाळवण?" ही म्हणाली, "उन्हाचं."

पलीकडून हसू आलं आणि मग, "पाठवा काकांना. पण राखणीला बसावं लागंल हां, इथं फुकट काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी, वय वर्षं सहासष्ट, डोक्याला गमछा बांधून गच्चीवर गेलो. सात बायका, चार खाटा, कुरडयांचा पांढराशुभ्र पसारा. एका रिकाम्या खाटेवर मी प्लेट उघडली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून नाड्यांनी बांधली. पेटी वर नेली नाही. ती उन्हात तापली की स्वतःच बंद पडते, आणि खाली पंपाला तीच लागत होती. म्हणून गच्चीवरून एक जाड तांब्याची वायर खाली आमच्या बाल्कनीत सोडली. बारीक वायर एवढ्या लांबीत वीज खाऊन टाकते, हे या वेळी मी आधी विचारून घेतलं होतं. वायर शेठच्या बाल्कनीवरून जाणार, तिथं मी अडखळलो. शेठाणीनं ती आपल्याच कठड्याला सुतळीनं बांधली.

वायर पेटीला जोडून मी परत वर आलो, तोच खालून फोन आला. "पंच्याहत्तर!" बायको ओरडली. इतक्या जोरात ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

पेटी तिच्या पलंगाशेजारी, आकडे तिच्या डोळ्यांसमोर. त्या दिवसापासून गच्चीचा कारभार खालून चालायला लागला. अकराच्या सुमाराला फोन: "अहो, पंधरावर आलाय. कुणाच्या साडीची सावली पडली बघा." खरंच, एकीनं दोरीवर साडी टाकली होती आणि तिचा पदर प्लेटीच्या एका घडीवर सावली धरून होता. एवढ्याशा सावलीनं सगळी प्लेट मान टाकते. साडी सरकवली की खालून "हां, आता सत्तर!" बायका थक्क. "काकूला झोपून सगळं दिसतंय की ओ!" मग हळूहळू त्या फोनवर तिला दुसरंच विचारायला लागल्या. चीक किती शिजवायचा, कुरडई का तुटायली, पापडखार किती. ही पडल्यापडल्या एकेकीला झापत होती. मी काठी घेऊन कावळे हाकत बसलेलो आणि माझ्या फोनवर माझ्याशी कुणी बोलेना!

वैशाखात एका दुपारी मोठा आवाज झाला आणि गल्लीला लाईट देणारी डीपी जळाली. नवी यायला तीन दिवस लागले. इन्व्हर्टर पहिल्याच संध्याकाळी संपला. शेठचा फ्रिज, कूलर, सगळं गपगार. आमच्या घरी मात्र पंपाची गुरगुर थांबली नाही. पेटीवर पंखा चालवायचा मोह होत होता, पण तिनं मनाई केली. "गादीचं गादीला. तुमच्या हाताला काय झालं?" मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचो, आणि दिवसभर वर प्लेट राखायचो. शेठाणी आणि वाळवणाच्या बायकाही राखणीला होत्या. वाळवण नव्हतं त्या दिवशीही दोघी जणी वर येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः वर आला. प्लेटीकडं बघत उभा राहिला. मी म्हटलं, "संध्याकाळी काढतो, शेठ." तो म्हणाला, "ते म्हाईत हाय मला. पुसायला ओलं फडकं पाठवू का? धूळ बसलीय." आणि मला त्याच्यावर आपटलेलं ते दार आठवून लाज वाटली. तसं मी त्याला बोलूनही टाकलं.

मृग लागायच्या आठवडाभर आधी सिस्टर आली, पट्टी उघडली आणि वाकून जवळून निरखू लागली. माझा जीव टांगणीला. मग म्हणाली, "काका, इकडं या. बघा. भरली." गुलाबी, कोवळी कातडी. मी बाल्कनीत जाऊन लहान पोरासारखा रडलो. का नाही रडायचं?

आभाळ भरून आलं तसं बायकांनी शेवटचे डबे भरले. मीही प्लेट घडी करून खाली आणली. पावसाळ्यात ढगाखाली ती जेमतेम चालणार, हे मला माहीत होतं. दिवाळीला सूर्य परत कलून बाल्कनीत येईल, हेही आता माहीत होतं. वायर गुंडाळता गुंडाळता मी बायकोला म्हणालो, "झालं बघ, यंदाचं वाळवण उरकलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "यंदा बटाट्याचा कीस राहून गेला. शेठाणीला सांगून ठेवा, पुढच्या वर्षी माझ्याकडून दहा किलो बटाटे. आणि मला बी वर न्यायचं. खुर्चीत बसवून न्या, पण न्यायचं."

पुढच्या वर्षी. दोन वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "हाव. नेतो."