आक्काच्या पर्समधलं कार्ड

माझी थोरली बहीण, आक्का, आष्ट्याची. चाळीस वर्षं ऊस, म्हशी आणि घर यांत गेली. सांगलीच्या पलीकडे ती लग्नकार्यापुरतीच जायची. तिची मुलगी स्पेनमध्ये वालेन्सिया नावाच्या शहरात नोकरीला. तिला दिवस गेले तेव्हा आक्काने तीन महिने तिकडे जायचं ठरलं. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, तिकीट आलं. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत होता. आक्का इन्सुलिन घेते आणि तिची साखर अधूनमधून झपकन खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. इथे आष्ट्यात कुणीही धावत येऊन तिच्या तोंडात साखर कोंबेल. तिथे काय करायचं?

"फोनमधी सगळं हाय म्हनं," आक्का म्हणाली. "मराठी बोललं की त्येंच्या भाषेत बोलतंय."

"आणि फोन बंद पडला तर?"

तिने फोन उलटापालटा करून बघितला.

मी साताऱ्यात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. म्हटलं, हे आपलंच काम आहे. हातात मावेल असं एक कार्ड करायचं. वर इंग्रजी ओळ, खाली तीच स्पॅनिशमध्ये, आणि बाजूला बारीक मराठी, म्हणजे कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते आक्काला कळेल. विमानतळावर इंग्रजी चालून जाईल, गल्लीतल्या दुकानात स्पॅनिशच लागेल.

आक्काने सांगितलं, "लिव्ह, मला शुगर हाय." मी अर्थात तसं लिहिलं नाही. "आय हॅव शुगर" म्हटलं तर समोरच्याला वाटायचं, बाईंकडे साखर आहे, चहाला मागू या. मी I am diabetic. I take insulin. असं लिहिलं. मग आमच्या डॉक्टरांकडे गेले. तेवढा कागद त्यांनी नीट वाचला आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या. साखर उतरली तर साखर किंवा गोड रस द्या, डाएट पेय देऊ नका, हे हवंच. आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच ११२ ला फोन करा, ही ओळ गाळू नका. स्पेनमध्येही तोच नंबर आहे, हे मी नंतर तपासून घेतलं.

बाकी ओळी मीच लिहिल्या. सगळ्यात वरची होती I am feeling low. डॉक्टर नेहमी "शुगर लो झाली" म्हणतात, तेच डोक्यात होतं. फोनमधून सगळ्याची स्पॅनिश काढली आणि खूश झाले. तरी मन राहिना. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात स्पॅनिश शिकवते. तिला फोटो पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन.

"बाई, ही पहिली ओळ कुणी काढली?"

"मी. म्हणजे फोनने. का गं?"

"Me siento deprimido. याचा अर्थ, मी खिन्न झालोय. मी उदास आहे. आणि तेही पुरुष बोलतोय."

मी कार्ड पुन्हा वाचलं. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, छोटं वाक्य लिहा पण अर्थ पुरा लिहा. आणि बहिणीच्या जिवाच्या ओळीत मीच अर्धं वाक्य लिहून बसले होते.

"यंत्राची चूक नाही, बाई," ती हळूच म्हणाली. "तुमचं इंग्रजीच तसं वाचता येतं."

मग आम्ही दोघींनी एकेक ओळ पुन्हा घेतली. आधी इंग्रजी सरळ केलं: My blood sugar is low. I need sugar now. त्याचं तिने केलं: Tengo una bajada de azúcar. Necesito azúcar ya. Diabético हे पुरुषाचं रूप, त्याचं diabética झालं. रसाला फोनने jugo म्हटलं होतं, तिने zumo केलं, कारण स्पेनमध्ये तसं म्हणतात. शेवटी, माझ्या मुलीला फोन करा, Llame a mi hija, por favor, आणि त्याखाली नंबर.

छापायला एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने ओळी त्याच्या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवल्या, तर azúcar मधल्या ú च्या जागी चौकोन उमटला. "चालतंय की ओ मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, चालत नाही. मग घरून पीडीएफ करून पाठवली, ती जशीच्या तशी छापून, लॅमिनेट करून घेतली. दोन कार्डं. एक पर्समध्ये, एक गळ्यातल्या पाकिटात पासपोर्टबरोबर.

निघायच्या आधी आक्काकडून चार वेळा कार्डावरच्या ओळींवर बोट ठेवून घेतलं. "आगं, मी काय शाळंत बसलीया व्हय?" म्हणून ती वैतागली, पण ठेवलं.

ती गेल्यावर दीड महिना सगळं सुरळीत होतं. नात झाली. मग एका दुपारी, मी शेंगा निवडत बसले होते, तर भाचीचा फोन.

"मावशी, घाबरू नकोस. आई ठीक आहे."

असं कुणी म्हटलं की माणूस आधी घाबरतंच. माझ्या मांडीवरचं सूप खाली गेलं.

झालं होतं असं. भाची बाळाला घेऊन झोपली होती. आक्काने सकाळी इन्सुलिन घेतलं, दोन घास खाल्ले आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला बाहेर पडली. परतताना एक गल्ली चुकली आणि ती चालतच राहिली. फोन घरी चार्जिंगला. अशा वेळेसाठी जवळ ठेवायचा गुळाचा खडा दुसऱ्या पिशवीत. घाम फुटला तशी ती समोरच्या फळांच्या दुकानात शिरली. दुकानातली बाई उन्हाने असेल म्हणून पाणी घेऊन आली.

पुढचं आक्काने स्वतःच सांगितलं. तिने लेकीच्या हातातून फोन काढून घेतला.

"मला बोलाय सुदीक येईना बघ. मग पर्समधनं त्ये कार्ड काढलं न् वरच्या वळीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं आन् पळतच रसाची बाटली आणली. माझ्या तोंडाला लावली. वर साखरंच्या दोन पुड्या."

"मग?"

"मग समोरच्या मेडिकलमधली पोरगी आली. बोटाला टोचून बघितलं. पंधरा मिन्टांनी परत बघितलं. तवर साखर वर आली हुती. कार्डावर नंबर हुता, त्येच्यावर हिला फोन केला."

"आक्का, आता कसं वाटतंय?"

"लय भूक लागलीया. भाकरी करती."

मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. ती पहिली ओळ तशीच राहिली असती तर त्या भल्या बाईने काय केलं असतं, हे मी आक्काला सांगितलं. मग ती म्हणाली, "माझा हात धरून बसली असती, 'रडू नगंस' म्हनत. आन् मी तिथंच आडवी."

भाची म्हणाली की आई आता रोज त्याच दुकानातून फळं आणते. त्या बाईला एक अक्षर मराठी येत नाही, आक्काला एक अक्षर स्पॅनिश येत नाही, आणि दोघी अर्धा अर्धा तास बोलत उभ्या असतात.

फोन ठेवला. जमिनीवर शेंगा पसरल्या होत्या. मी त्या तशाच ठेवल्या, आधी चहा टाकला, आणि पुण्याच्या त्या विद्यार्थिनीला फोन लावला.