मुंजीच्या पत्रिकेसोबतचा कागद

नातवाची मुंज ठरली तेव्हा सूनबाईने एकच अट घातली. "आई, माझ्या माहेरच्यांना नुसती पत्रिका नाही द्यायची. तिथे काय चाललंय ते त्यांना कळलं पाहिजे. आमच्या लग्नात बिचारे शेवटच्या रांगेत बसून जेवणाची वाट बघत होते."

तिचं माहेर मांजरीचं, उसाची शेती. त्या घरात मुंज कधी कुणाची झालेली नाही. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसणारी, घरी येतात ती झोपेला आलेली. तेव्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे मलाही जरा चढलं होतंच.

पहिला खर्डा वाचून सून म्हणाली, "हा तर प्रश्नपत्रिकेसारखा झालाय. गुण किती?" मी रागावले, पण पुन्हा लिहायला बसले. मातृभोजन सकाळी सात वाजता, मग केस काढणं, मग आंघोळ. मुहूर्त नऊ वाजून बावन्न मिनिटांनी. तेव्हा बाप आणि मुलगा यांच्यामध्ये अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं संपली की अक्षता टाकायच्या. मग जानवं, गायत्री मंत्र आणि भिक्षावळ. तिच्या भावाने आधीच बजावलं होतं, "आमच्याकडं पत्रिकेतली वेळ म्हंजे घरनं निघायची." म्हणून मुहूर्ताच्या वेळेखाली दोन रेघा ओढल्या आणि 'मुहूर्त कुणासाठी थांबत नाही' असंही लिहिलं. पुणेरी हात, त्याला काय करणार.

मातृभोजनाबद्दल मात्र मी मन लावून लिहिलं. 'या दिवशी मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो. यापुढे तो वेगळ्या पानावर शुद्ध अन्नच घेणार.' वाक्य मला फार आवडलं होतं. कागदाच्या झेरॉक्स काढल्या आणि पत्रिकांबरोबर मांजरीला पाठवल्या.

चार दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. एरवी त्या लेकीशीच बोलतात, त्या दिवशी त्यांनी मला फोनवर बोलावलं.

"ताई, कागद वाचून घेतला पुतण्याकडून. लई चांगला लिव्हलाय. येक इचारू का?"

"विचारा ना."

"मंग यंदा मे महिन्यात धाडणार न्हाई का त्याला? माझ्याच ताटात जेवतो वो तो. आता आमच्या हातचं चालायचं न्हाई ना त्याला?"

मला पहिल्यांदा रागच आला. असं कधी वागलो का आम्ही यांच्याशी? अगदी ओठांवर आलं होतं, पण कागद समोरच पडला होता. मी तो त्यांच्या जागी बसून वाचला. त्यात तसंच लिहिलं होतं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं विचारणं होतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"असं काही नाही हो," मी म्हटलं. "तो येणार, जेवणार. मी नीट लिहून पाठवते."

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "अहो, ब्रह्मचाऱ्याने दारोदार अन्न मागून जगायचं, मुंज ही त्याची सुरुवात. तुम्ही पोराला सोवळ्यात कशाला कोंडताय?"

मी ते वाक्य काढून टाकलं आणि कागद नवा लिहिला. 'जानवं घातल्यावर मुलगा झोळी घेऊन तुमच्यासमोर उभा राहील आणि अन्न मागेल. त्याला तुमच्या घरचं घाला. पहिली भिक्षा आई घालते, दुसरी आईची आई घालेल.'

माझा मुलगा वाचून म्हणाला, "दुसरी तुझी ना?"

"लिहून झालंय," मी म्हटलं.

मुंजीच्या दिवशी सात वाजायच्या आत मांजरीची गाडी कार्यालयाच्या दारात उभी होती, आमचेच धायरीचे पाहुणे अंतरपाट धरल्यावर पोचले. भिक्षावळीला गोटा केलेला नातू झोळी घेऊन उभा राहिला. आईने तांदूळ आणि लाडू घातले. मग विहीणबाई पुढे आल्या. बाकीच्या बायकांच्या हातात चांदीच्या वाट्या, लाडवांची पुडकी. यांच्या हातात एक स्वच्छ फडकं होतं आणि त्यात गुळाच्या दशम्या.

"ॐ भवति भिक्षां देहि," नातू म्हणाला. दशम्यांचा वास आला तसा त्याने झोळी बाजूला केली आणि तोंडच उघडलं. सकाळी सातनंतर पोटात काही नव्हतं पोराच्या.

विहीणबाई घास मोडून थांबल्या. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे डोळे भरून आले होते, पण आवाज मी नेहमीचाच काढला.

"माझ्याकडे काय बघताय? मागतोय तो तुमच्याकडे."

त्यांनी घास भरवला. नातू भरल्या तोंडाने म्हणाला, "आजी, मे महिन्यात पण अश्शाच कर."