अठ्ठेचाळीसचा दर

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे पडताळेकाका म्हणत. त्यांचं आडनाव भलतंच काहीतरी होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बांधकामाच्या मालाचं कोणतंही कोटेशन आलं, खडी असो, सळई असो की फरशी, ते काकांच्या टेबलावरून गेल्याशिवाय साहेबांची सही होत नसे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. माझं जोडलेलं पत्रक ते हातात घेत आणि काही न बोलता तळाकडून वर तपासायला लागत. उलट्या काळजाचा माणूस, असं मी घरी जाऊन म्हणायची.

नंतर कळलं, उलटं तपासणं हीच त्यांची विद्या होती. कोटेशनच्या छापील नमुन्यात चार रकाने असतात: एकक, परिमाण, दर आणि एकूण. सगळे दराला परिमाणाने गुणून एकूण जुळतं का बघतात. काका एकूण रकमेला परिमाणाने भागत आणि येणाऱ्या आकड्याकडे संशयाने बघत. "गुणाकार माणसाला खूश करायला बसलेला असतो," ते म्हणायचे. "भागाकाराला लाज नसते, तो खरं बोलतो."

काही आकडे त्यांना घरातल्या माणसांसारखे होते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरते, एका चौरस मीटरमध्ये दहा पूर्णांक शहात्तर चौरस फूट, आणि एका घनमीटरमध्ये पस्तीस पूर्णांक एकतीस घनफूट. एकदा एका फरशीवाल्याने हिशेब सोपा पडावा म्हणून चौरस मीटरला सरळ दहा फूट धरले होते. काकांनी त्याला बोलावलं आणि विचारलं, "उरलेल्या पाऊण फुटावर काय, तुम्ही उभे राहणार?" तो गेल्यावर स्वतःच बराच वेळ हसत बसले.

आमच्या धंद्याची एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कागद सगळे मीटरमध्ये गेले, तोंडं मात्र फुटातच राहिली. खाणीवर, ट्रकच्या अड्ड्यावर, साइटवर कोणीही घनमीटर म्हणत नाही. "फुटाला काय भाव?" असंच विचारतात. भाव फुटात ठरतो, मग कुणीतरी टेबलाशी बसून तो मीटरमध्ये नेतो. हे कुणीतरी जागं असावं लागतं, एवढंच.

त्या वर्षी पाण्याच्या नव्या टाकीसाठी खडी घ्यायची होती, आठशे चाळीस घनमीटर. कोटेशनचे कोरे नमुने विकत नेणाऱ्यांच्या यादीत काकांच्या जावयाचं नाव होतं. जावई कष्टाळू होता, दोन जुन्या ट्रकवर खडी पुरवायचा, आणि हे काम मिळालं तर तिसरा ट्रक घेणार होता. यादी बघितल्याबरोबर काकांनी साहेबांना लेखी दिलं की पुरवठादार माझा जावई आहे, सबब या कामाचा एकही कागद माझ्याकडे येऊ नये. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ढकलली.

"काका, ताकही फुंकून पिता तुम्ही," मी म्हणाले.

"ताई, माझा हातच नको त्या कागदाला," ते म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, सासऱ्याने पाट मांडून दिला."

मला ते पटलं होतं. आजही पटतं. म्हणूनच तर हे सगळं मनाला लागून राहिलंय.

लिफाफे सगळ्यांसमोर उघडले तेव्हा रिवाजाप्रमाणे फक्त एकूण रकमा वाचल्या गेल्या. पहिला पुरवठादार चौदा लाख अठ्ठ्याहत्तर हजार चारशे, दुसरा त्याहून वर, आणि जावई चौदा लाख तेवीस हजार आठशे. सर्वांत कमी. जावई मागच्या खुर्चीवर बसला होता, त्याने डोळे मिटून घेतले. बाहेर त्याची बायको, काकांची मुलगी, लेकीला कडेवर घेऊन उभी होती. काका तेव्हा आपल्या टेबलाशी दुसरीच एक फाइल उघडून बसले होते. मी परत आले तर त्यांनी मान वर केली नाही, पण फाइलचं पान अर्ध्या तासात उलटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासायला बसले. काकांच्या पद्धतीने, तळाकडून वर. चौदा लाख तेवीस हजार आठशे भागिले आठशे चाळीस. आलं सोळाशे पंचाण्णव. बाजारभावाच्या जवळ होतं. मग दराच्या रकान्याकडे बघितलं, तिथे लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस.

मला आधी वाटलं आपण दुसऱ्या ओळीत बघतोय. पट्टी ठेवून पुन्हा बघितलं. एकक घनमीटर, परिमाण आठशे चाळीस, दर अठ्ठेचाळीस. सोळाशे पंचाण्णवला अठ्ठेचाळीसने भागलं आणि पस्तीस पूर्णांक एकतीस आलं. मग उलगडलं. त्याने फुटाचा भाव मीटरमध्ये नीट नेला होता, एकूण बरोबर काढलं होतं, आणि कागदावर उतरवताना जो आकडा रोज तोंडात असतो तोच दराच्या घरात लिहिला होता. दर फुटाचा, एकक मीटरचं. एक घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड टन खडी, त्याने अठ्ठेचाळीस रुपयांना देऊ केली होती.

अटींचं पान मला पाठ होतं, तरी काढून वाचलं. दर आणि एकूण रक्कम जुळत नसेल, तर दर ग्राह्य धरावा. म्हणजे चौदा लाख नव्हे, चाळीस हजार तीनशे वीस. त्याला एकच अपवाद होता: दरातलं दशांश चिन्ह उघडपणे चुकीच्या जागी पडलं असेल तर एकूण रक्कम ग्राह्य.

मी त्या अठ्ठेचाळीसमध्ये दशांश चिन्ह शोधत बसले, खरंच बसले. चार पूर्णांक आठ, चारशे ऐंशी, चार हजार आठशे. चिन्ह कुठेही सरकवलं तरी सोळाशे पंचाण्णव होत नव्हते. तो दहाने चुकला असता तर वाचला असता, शंभराने चुकला असता तरी वाचला असता. पस्तीसने चुकलेल्या माणसासाठी आमच्या नियमात जागा नव्हती.

शेजारी काका सळईचं पत्रक तपासत होते. त्यांना एकदा विचारलं असतं तर काही वाट निघाली असती का, हे मी अजून मनाशी घोळवते. पण विचारायचं कसं? टिपण गोपनीय, आणि या कामाचा कागद आपल्याकडे येऊ नये असं त्यांनीच लिहून दिलेलं. इकडे आड, तिकडे विहीर. मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं.

"ताई," ते कागदावरची नजर न काढता म्हणाले, "तिसऱ्यांदा तोच भागाकार करताय."

कॅल्क्युलेटरच्या बटणांच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. मी कॅल्क्युलेटर खणात ठेवला. त्यांनी सळईचं पत्रक पुढे ओढलं. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मी टिपणात लिहिलं की दर घनफुटाचा असल्याचं स्पष्ट दिसतं, एकूण रक्कम त्याच्याशी सुसंगत आहे, आणि योग्य दर धरला तरी हाच पुरवठादार सर्वांत कमी आहे. साहेबांच्या खरेदी समितीने ते वाचलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कळतंय मला," ते म्हणाले. "पण आज याला दुरुस्ती दिली तर उद्या प्रत्येक जण लिफाफा उघडल्यावर सोयीचं एकक सांगेल. दशांशाची चूक असती तर सही केली असती."

जावयाला पत्र गेलं: दिलेल्या दराने माल पुरवणार का ते कळवा. तो पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. काका जागेवरच होते, तीन हातांवर. जावई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "मॅडम, अठ्ठेचाळीस फुटाचे हो. कोणालाही विचारा. शेंबडं पोर पण सांगेल."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "मी तसं लिहिलंयही."

"मग?"

मी अटींचं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने माघार घेतली. अनामत गेली आणि दोन वर्षं कुठल्याही सरकारी कामाला नमुना भरायची बंदी आली. तिसरा ट्रक राहिला बाजूला, होते त्यातला एक विकावा लागला.

काकांनी एकच गोष्ट केली. नमुन्याच्या दराच्या रकान्याखाली 'प्रति घनमीटर, घनफूट नव्हे' अशी ठळक ओळ छापावी, असं सुचवणारं पत्र साहेबांना दिलं. ओळ छापली गेली. तो नमुना माझ्याकडे देताना ते म्हणाले, "लिफाफा द्यायच्या आदल्या रात्री जावई तो कागद घेऊन घरी आला होता. लेक म्हणाली, बाबा, फक्त एक नजर टाका. मी कागद पालथा केला आणि हात मागे घेतला." मग त्यांनी विचारलं, "बरोबरच केलं ना, ताई?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? काखेत कळसा होता आणि त्याला हात लावायचीच बंदी.

ते निवृत्त झाल्यावर एका रविवारी मी भेटायला गेले. लेक माहेरी आलेली होती. बाप-लेकीत भांडण नव्हतं. ती त्यांना चहा देत होती, औषधाची आठवण करून देत होती, सगळं नीट. जेवणाच्या टेबलावर ती मुलीच्या शाळेचा प्रवेश अर्ज भरत होती आणि पोर दाराच्या चौकटीला टेकून उभं होतं. चौकटीवर पेन्सिलीची खूण होती, तीन फूट आठ इंच. अर्जात उंची सेंटीमीटरमध्ये मागितली होती.

काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी चष्मा लावला आणि दुसरा हात अर्जाकडे पुढे केला.

लेकीने कागद पालथा केला. रागाने नव्हे, अगदी सावकाश.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "तुमचा हात नको त्या कागदाला."

मग तिने अर्ज माझ्याकडे सरकवला. "मावशी, तुम्ही जरा बघता?"

मला उठून जावंसं वाटलं. पण मी बघितला. एकशे बारा लिहिलं होतं. समोर काकांचे ओठ हलत होते. चव्वेचाळीस इंच, गुणिले दोन पूर्णांक चोपन्न. त्यांचं उत्तर माझ्या आधी निघालं होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली, चष्मा काढला आणि खिशात ठेवला.