नाटकबाईंचं एक खरं दुखणं

नर्सिंगच्या मुली ट्यूटर मॅडमना पाठीमागे नाटकबाई म्हणायच्या. मॅडमना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सरावाच्या खोलीतला रबरी पुतळा मख्ख, म्हणून रुग्ण त्या स्वतःच व्हायच्या. घसा धरून अशा काही कोसळायच्या की नव्या मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या दिवशी धडा होता तीव्र अ‍ॅलर्जीचा. गुडघा ठणकत होता, म्हणून मॅडमनी वर्गाआधी एक नवी गोळी घेतली होती. एकच गोष्ट त्या मुलींकडून घोकून घ्यायच्या: आधी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मग बाकीचा संसार. खाजेचं औषध खाज थांबवतं, श्वास सोडवत नाही.

बोलता बोलता तळवे खाजू लागले, आवाज घोगरा झाला, छातीत शिट्टी वाजायला लागली.

"मुलींनो, हे खरं आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. आज तर कमालच, असं कुणीसं म्हणालं. मॅडमचा आयुष्यभराचा अभिनय आता जिवावर उठला होता.

सतत प्रश्न विचारून त्यांना भंडावणारी एक मुलगी होती, सगळ्या तिला शंका म्हणत. तिने शंका घेतली ती वेगळीच. मॅडमची बाही वर सारली. दंडावर लालभडक गांधी उठल्या होत्या.

"गांधी काही अभिनयाने येत नाहीत गं," ती म्हणाली, आणि टाळ्या थांबल्या.

एकीने पळत शेजारच्या वॉर्डातून सिस्टरना आपत्कालीन ट्रॉलीसकट बोलावलं. दुसरी घाईघाईने सरावाच्या ट्रेमधली अँप्युल, इंजेक्शनची काचेची कुपी, फोडायला निघाली. शंकाने तिचा हात धरला, त्यात तर नुसतं पाणी. तिसरी मॅडमना खुर्चीत बसवायला लागली, तर शंका म्हणाली, चक्कर येतेय त्यांना, आडवं करा, पाय वर घ्या.

सिस्टर आल्या. त्यांनी ट्रॉलीतल्या अँप्युलवरचं लेबल वाचलं, अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून दिलं आणि शंकाने त्यांच्या देखत मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत टोचलं. मास्कमधून ऑक्सिजन सुरू झाला. नाडी, रक्तदाब बघत सिस्टरनी दुसरा डोसही तयार ठेवला, पाच मिनिटांत उतार पडला नाही तर द्यायला. तशी वेळ आली नाही. शिट्टी विरली, डॉक्टर आले, मॅडमनी डोळे उघडले.

लक्षणं उलटून येऊ शकतात, म्हणून त्यांना वॉर्डात देखरेखीखाली ठेवलं. जरा बरं वाटताच मॅडम उठू लागल्या, धडा अर्धाच राहिलाय म्हणत. शंकाने खांद्याला हलकेच दाबून त्यांना परत निजवलं.

"धडा झाला, मॅडम. अचानक उठलात तर रक्तदाब घसरेल. आता मुकाट्याने पडून राहा."

मॅडम मास्कच्या आतून हसल्या आणि मुकाट्याने पडून राहिल्या.