धाकटीच्या गठ्ठ्यातले कोट

थोरलीला हळू काही करताच येत नाही. चहासुद्धा उभ्याउभ्या पिते, आणि बोलायला लागली की समोरच्याचं वाक्यही तीच संपवते. आमच्या कारखान्यात शिवून आलेल्या कोटांना हाताने बटणं लावायची, बटणाखाली दोरा गुंडाळून पक्कं करायचं, लोंबते दोरे कापायचे आणि कोट घडी घालून बांधायचे, हे बायकांचं काम. त्यात थोरलीचा हात कोणी धरू शकत नाही. तिची सुई आत गेलेली दिसते, बाहेर आलेली दिसत नाही.

तिच्या शेजारी धाकटी बसते. दोघी जावा. धाकटीचा नवरा गेला तेव्हा थोरली तिला हाताला धरून इथे घेऊन आली आणि खिडकीजवळची स्वतःची जागा तिला दिली. धाकटीची बोटं आखडलेली असतात, सकाळी तर फारच. सुईत दोरा ओवताना तिची जीभ बाहेर येते. "आत घे ती, नाहीतर तिलाच बटण लावीन," असं थोरली म्हणते आणि दोघी हसतात.

मी पगाराचा हिशेब करते. त्यामुळे पगाराच्या दिवशी सगळ्या बायका मला शिव्या घालतात, आणि बाकीचे दिवस मी मालकांना ऐकवते. माझं तोंड असंच आहे, त्याला मी तरी काय करू?

तर हिशेब असा. बायकांना पैसे नगावर. पण कायदा म्हणतो, नगावर द्या नाहीतर वजनावर द्या, कामाच्या तासांना किमान वेतन पडलंच पाहिजे. आता तास कुठून आणायचे? बायका मध्येच घरी स्वयंपाक उरकायला जातात, लेकरं आणायला जातात, परत येतात. तास कोणी लिहीत नाही. म्हणून मालकांनी नगांवरूनच तास काढायचे ठरवलं होतं: दहा कोट म्हणजे एक तास. आणि एका कोटाचा दर किती? तासाच्या किमान वेतनाचा दहावा भाग.

आता गंमत बघा. एखादी बाई दिवसभर मान मोडून बसली आणि तिचे चाळीसच कोट झाले, तर माझ्या कागदावर ती चारच तास बसली. आणि चार तासांचं किमान वेतन तर तिला पुरेपूर मिळालं! या हिशेबात कोणी कमी पडूच शकत नाही, देवसुद्धा नाही. मी मालकांना म्हटलं, "अहो, हे म्हणजे मापही आपलंच आणि मोजणारेही आपणच." ते म्हणाले, "तुला भांडायचा पगार वेगळा देऊ का?"

आणि हे दहा तरी आले कुठून? थोरलीकडून. फार पूर्वी घड्याळ लावून तिला बसवलं होतं. बटणं वाटीत, दोरे ओवलेले, कोट पुढ्यात उलगडून ठेवलेले. घड्याळ दिसल्यावर थोरली थांबते होय! तिने जीव तोडून शिवलं, मालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो आकडा सगळ्यांच्या डोक्यावर बसला. त्या टाळ्यांचं तिला अजून कौतुक आहे.

परवा तपासणीला इन्स्पेक्टर बाई आल्या. खाली बसून बोलणाऱ्या, साध्या. म्हणाल्या, "दहाचा आकडा ज्या बाईवरून काढला तिला मला बघायचं नाही. सगळ्यात सावकाश कोण आहे?"

मालकांनी धाकटीकडे बोट केलं. बिचारीने मान खाली घातली.

"ही बघा," मालक म्हणाले, "आणि हिचेसुद्धा रोज ऐंशी होतात. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, जेवण इथेच करते, जागची हलत नाही. जेवण सोडून आठ तास, ऐंशी कोट. बाकीच्यांचे कमी होतात ते घरी पळतात म्हणून. हिला जमतं तर कोणाला जमणार नाही?"

इन्स्पेक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आकडा खरा होता, मीच लिहिला होता. एरवी ज्याला लगाम नाही त्या माझ्या तोंडाने मला 'हो' म्हणावं लागलं. बाई म्हणाल्या, "मग दर ठीक दिसतोय," आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात थोरलीचा हात थांबला. इतक्या वर्षांत तो थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"त्यातले माझे आहेत," ती म्हणाली.

"काय तुझे?" मालक म्हणाले.

"कोट. हिच्या गठ्ठ्यातले. माझे झाले की मी चार-चार तिकडे सरकवते. रोज." थोरलीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "मला वाटलं, हिचं घर चालेल. हिच्या नावाने सगळ्यांचा गळा आवळला जाईल हे कुठे ठाऊक होतं मला?"

धाकटीला भर सभेत उघडं पाडलं म्हणून थोरलीचे डोळे भरून आले. तिने जावेचा हात धरला. "रागावू नकोस गं. तुला मी कळू देणार नव्हते."

"मला माहीत होतं, ताई," धाकटी म्हणाली. "तुझं बटण मला अंधारातसुद्धा ओळखू येतं. घट्ट असतं, तुझ्यासारखं." मग ती इन्स्पेक्टर बाईंकडे वळली. "माझे छप्पन्न होतात, बाई. कधी एखादा कमी. मी गप्प बसले, कारण ताईला द्यायला आवडायचं आणि मला लागायचं."

मला रडूच आलं. माझ्यासारखीला!

बाईंनी टोपण परत लावलं आणि घड्याळ काढलं. थोरलीला नाही बसवलं. चौघी-पाचजणींना त्यांच्या नेहमीच्या वेगाने काम करायला सांगितलं, आणि गठ्ठा सोडण्यापासून दोरा ओवणं, दोरे कापणं, बांधणं, मध्ये पाणी पिणं, सगळं धरलं. सरासरी निघाली तासाला आठ. म्हणजे एका कोटाला आता किमान वेतनाचा आठवा भाग. शिवाय बाईंनी बजावलं, की येण्या-जाण्याच्या वेळाही लिहायच्या. खरे तास बसूनही कोणाचं कमी भरलं, तर उरलेलं मालकांनी घालायचं. मालकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, पण सही केली.

पहिल्या पगाराला मी धाकटीचा हिशेब सगळ्यात आधी केला. तासाला सातच कोट, म्हणजे आठवा भाग कमी. तो मालकांकडून घातला आणि तिच्या आठही तासांचं किमान वेतन पूर्ण झालं. तिने पाकीट घेतलं, उघडून पाहिलं, आणि मला म्हणाली, "यात सगळं माझंच ना?"

"तुझंच गं बाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले, तर थोरलीचे झालेले कोट मांडीवर साचलेले. सवयीने तिचा हात हळूच उजवीकडे गेला आणि एक कोट धाकटीच्या गठ्ठ्यावर ठेवून आला. धाकटीने शिवता शिवता, वर न बघता, तो उचलला आणि थोरलीच्या मांडीवर परत ठेवला. मग तोच हात तिने क्षणभर तिथेच, जावेच्या गुडघ्यावर राहू दिला.