अंगठा पांढरा पडला की

अर्धी वाट सरली तेव्हा वन्संनी व्हायोलिनची पेटी डाव्या हातात घेतली आणि ती सटकलीच. वहिनीने वरच्या वर झेलली.

"बसने एव्हाना पोचलो असतो," ती म्हणाली.

"म्हणूनच चालतेय. व्हायोलिनच्या बाई 'बंद करा' म्हणाल्या की संपलंच. ते जरा उशिरा ऐकू दे."

तीस वर्षं वन्सं कपडे शिवतात. पन्नाशी उलटल्यावर व्हायोलिनचं वेड लागलं. पोराटोरांत बसायची लाज वाटायची, म्हणून फोनवरचे धडे धरले. चुकलं तर कुणी हसत नाही, कळलं नाही तर दहादा मागे न्या. चार महिन्यांत सरगम सुरात येऊ लागली आणि डाव्या अंगठ्याला मुंग्याही. धड्यातला मास्तर रोज सांगायचा, "हात सैल सोडा."

"सोडला की घसरतंय, मेल्या, दिसत नाही का?" वन्सं फोनवर खेकसायच्या. त्याला कुठलं दिसायला!

गेल्या आठवड्यात कापताना धरलेलं कापड सुटलं आणि गिऱ्हाइकाची बाही गेली. हात गेला तर मशीन बंद. घरच्यांनी साफ सांगितलं, ते वाद्य विकून टाक. विकण्याआधी एकदा जाणत्या माणसाला हात दाखवावा, म्हणून वन्सं निघाल्या होत्या.

शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. "वाजवा," एवढंच म्हणाल्या.

वन्संनी वाजवलं. बाईंची नजर बोटांवरून हलेना. दाराशी बसलेली वहिनी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती.

"कान चांगला आहे. कुणी शिकवलं?"

"फोनने."

"आता डावा हात काढा. नुसत्या हनुवटीने धरा."

हात निघाला तसं व्हायोलिन घसरलं. बाईंनी ते पकडून पुन्हा खांद्यावर ठेवलं आणि हनुवटीखालच्या फटीत चार बोटं घातली. ती आरामात मावली.

"मान उंच आहे तुमची. ही फट रोज अंगठा भरून काढतोय. म्हणून आवळतोय."

वन्संचा चेहरा उतरला. "मापाशिवाय मी कधी कात्री लावली नाही हो. आणि स्वतःला तयार कपडा चढवून बसले!"

"तो मास्तर खोटं नाही शिकवत. पण त्याच्यापुढे तुमची मान नाही." बाईंनी जाड फडक्याची घडी खांद्यावर, वाद्याखाली ठेवली. वन्संनी हात काढला. व्हायोलिन हललं नाही.

"म्हणजे बंद नाही ना करायचं?" वन्संनी विचारलं.

"आठ दिवस बंद. तरी मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टर गाठा, माझ्याकडे येऊ नका. थांबल्या तर रोज दहाच मिनिटं, आणि आठवड्याला एकदा इथे. फोन ऐकायला ठेवा, सुराला बरा."

परतीच्या वाटेवर वन्सं मनाशी हिशेब करत चालल्या होत्या. एवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं. आठवड्यातून एक दिवस बाई बघणार, मग उरलेले सहा दिवस?

वळणावर त्या थांबल्या.

"वहिनी, तुला सुरातलं काही कळत नाही ना?"

"काडीचं नाही."

"बरंच आहे, उगाच कान देऊन बसणार नाहीस. मी वाजवेन तेव्हा दहा मिनिटं समोर बस. नुसता अंगठा बघ. दाबून पांढरा पडला की ओरड. बसशील?"