नव्वद दिवस आणि ठणठणीत आजी

मी तोंडाची फटकळ आहे, आधीच सांगून टाकते. कुपवाडच्या एमआयडीसीत, वर्कशॉपच्या गाळ्यांवरच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याची आणि गोडाऊनची सॉफ्टवेअरं करतो आम्ही. अठरा माणसं. त्यांची नेमणूकपत्रं, रजा, पगाराच्या स्लिपा, सगळं माझ्याकडे. वर चहाची पावडर संपली तरी ‘अपूर्वाताई’ म्हणून हाक मारतात ती मलाच. नऊ वर्षं झाली.

तर शिवांजली. कोरेगावजवळच्या खेड्यातली. आजोबा फौजेत, बाप फौजेत, आणि ही आमच्याकडे कोड लिहायला. आली तेव्हा मिरजेच्या हॉस्टेलवर राहायची आणि डब्यात रोज खर्डा. बोलायला सुरुवात केली की समोरच्याला वाटावं, ही भांडते की काय. भांडत नसे, आवाजच तसा होता. काट्यावर उसाची ट्रॉली चढली की वजन आपोआप नोंदवायचं, ते सगळं काम हिचं. सीझनमध्ये कारखान्यावरून फोन आला तर सगळे आधी हिच्याकडे बघायचे.

अडीच वर्षांनी हिला पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आली. तीन तारखेला हिनं ती स्वीकारली आणि त्याच दुपारी आमच्याकडे राजीनाम्याचा मेल टाकला. पुण्याची जॉइनिंग पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची. राजीनामा पोचल्याचा मेल मीच पाठवते. शेवटच्या दिवसाची तारीख मी नव्वद दिवस मोजून घातली, आणि दोन मिनिटांत ही माझ्या टेबलासमोर.

“ताई, तारीख चुकली. माझी नोटीस तीस दिवसांची हाय.”

“बाई गं, ती प्रोबेशनमध्ये. कन्फर्म झालीस तेव्हा पत्र दिलं होतं ना? त्यात नव्वद झाली. वाचलं नव्हतंस?”

तोंड पाहण्यासारखं झालं तिचं. मला ते पत्र देतानाचा दिवस आठवत होता. हातात पत्र पडल्या पडल्या हिनं सगळ्या मजल्यावर कंदी पेढे वाटले होते, आणि पेढ्याच्याच हातानं सही केली होती. न वाचता. आणि पुण्याच्या फॉर्मवर ‘नोटीस पिरियड’ समोर तीस लिहून बसली होती. आता तीस दिवसांनी गेली तर आमचं रिलीव्हिंग लेटर नाही. रिलीव्हिंग लेटर नाही तर पुण्याला रुजू करून घेणार नाहीत. नव्वद भरली तर जॉइनिंगची तारीख उलटून जाणार. इकडे आड तिकडे विहीर.

जेवायच्या सुट्टीत आख्खं ऑफिस सल्ले द्यायला बसलं. मुकुल म्हणाला, “सरळ इथं यायचं बंद कर, फोन उचलू नकोस.” जयराज म्हणाला, “तारीख वाढवून माग. कारण काय, घरात आजारपण. आजी आहे ना तुझी?” आणि खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, मीसुद्धा तेच म्हणाले. “आजीला अ‍ॅडमिट केलंय म्हण. सगळे तेच लिहितात. खरं लिहिलंस की फॉर्मवर चुकीची माहिती दिली, तर ऑफर काढून घेतील. सर्टिफिकेट मी बघते.” कितीतरी पोरांना मी असले मेल लिहून दिले होते.

हिनं काय करावं? डबा बाजूला सारला आणि तिथंच आजीला फोन लावला, स्पीकरवर. मनुबाई नाव आजीचं. सगळी हकीगत सांगून हिनं विचारलं, “आजे, तुला आजारी पाडायला सांगत्यात. पाडू का?”

पलीकडून असा आवाज आला की मुकुलचा घास अडकला. “कोण हाय त्यो मुडदा? आगं, तुज्या बापाला रजा वाढवून पायजे म्हून चार डाव तारा केल्यात माज्या नावानं, मदर शिरेस. चार डाव! मी रानात भांगलत असायची आनि तिकडं सायबाच्या टेबलावर मी मरायला टेकलेली. एका डावाला त्याचा सायब म्हनला, तुजी आय मरत का न्हाई एकदाची? पोरगं घरी येऊन रडलं माज्याजवळ. आता न्हाई. मी ठणठणीत हाय. लिव तसंच.”

 जयराज डबा आवरायला लागला.

संध्याकाळी तिनं मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. पुण्याच्या एचआरला, अश्लेषा नावाच्या बाईंना. मी अजून पाठ म्हणून दाखवीन: ‘मी फॉर्मवर माझी नोटीस तीस दिवस लिहिली, ती चूक माझी आहे. कन्फर्मेशननंतर ती नव्वद दिवस झाली, हे मी पत्र न वाचल्यामुळे मला माहीत नव्हते. पत्र सोबत जोडले आहे. जॉइनिंगची तारीख साठ दिवस पुढे मिळावी. ते शक्य नसल्यास उरलेल्या नोटिशीचे बायआउट, म्हणजे त्या दिवसांचे पैसे भरून सुटका, करता येईल का, ते कळवावे. मला ही नोकरी हवी आहे. घरी सर्व ठणठणीत आहेत.’

“शेवटचं वाक्य काढ,” मी म्हणाले.

“ते तर न्हाईच काढणार,” ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

तीन दिवस उत्तर नाही. ही दर दहा मिनिटांनी मेल उघडायची. मला मनातून वाटायचं, गेली पोरीची नोकरी, आणि सांगूनही ऐकलं नाही म्हणून रागही यायचा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. चूक कबूल केल्याची नोंद घेतली आहे. तारीख पुढे जाणार नाही, प्रोजेक्ट त्याच आठवड्यात सुरू होतो. मात्र सध्याची कंपनी बायआउट घेऊन सोडायला तयार असेल, तर ती रक्कम आम्ही भरून देऊ. रिलीव्हिंग लेटर मात्र हवंच. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर ऑफर रद्द समजावी.

म्हणजे सगळी दोरी आली आमच्या पुष्करसरांच्या हातात. कंपनी त्यांची. माणूस हुशार, पण नाकावर राग. हिनं त्यांना रीतसर बायआउटचा मेल टाकला. उत्तर नाही. दोनदा आठवण केली. उत्तर नाही. शेवटी राजीनाम्याच्या सोळाव्या दिवशी ते केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत बोलले.

“बायआउट वगैरे काही मिळणार नाही. सीझन तोंडावर आहे. नव्वद म्हणजे नव्वद. आणि तिकडं काय सांगायचं ते तुला मी शिकवायला नको. तुम्हा फौजेतल्या गाववाल्यांना रजेसाठी माणसं मारायची सवयच असते. मार एखादं.”

  शिवांजली उठली. मला वाटलं, आता रडते.

“सर, माझा बाप सतरा वर्षं बर्फात उभा होता,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, भांडल्यासारखा, पण या वेळी ती खरंच भांडत होती. “आईला बघायला आठ दिवस जास्तीचे मागायचे तर तिला मारल्याशिवाय मिळत नव्हते, ही लाज त्यांची न्हाई. मागणाऱ्याला खोटं बोलायला लावतो त्याची हाय. मी चूक केली, ती लिहून दिली. तुमच्याकडं बायआउट मागितलं, ते बी लिहून. तुमी एक ओळ लिहिली न्हाई. आता चारचौघांत माझ्या आजीला मारा म्हणताय. माफी मागा.”

“काय?”

“माफी मागा, सर.”

पुष्करसर लालबुंद. “लॅपटॉप ठेव आणि नीघ! आत्ताच्या आत्ता! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!”

“लेखी द्या.”

“देतो की! घाबरतो काय तुला?” आणि तिथंच, मुकुलच्या मशीनवर स्वतःचा मेल उघडून, उभ्या उभ्या, त्यांनी मेल ठोकला. मला कॉपी. ‘तुम्हाला आजपासून तत्काळ कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ दार आपटून आत गेले.

आता माझी पाळी होती. आमच्या पत्रातलं ते कलम मी नऊ वर्षं टाइप करतेय: दोन्हीपैकी कोणत्याही पक्षाला नव्वद दिवसांची नोटीस देऊन, किंवा त्या दिवसांचा मूळ पगार देऊन, करार संपवता येईल. कोणत्याही पक्षाला, हं! सोळा दिवस झाले होते. उरलेल्या चौऱ्याहत्तर दिवसांचा पगार आता द्यायचा होता कंपनीनं. हिनं विकत घ्यायची नोटीस साहेबांनी रागाच्या भरात स्वतःच विकत घेतली होती.

 मला पण घर आहे, हप्ते आहेत, मुलीची फी आहे. पण डोकं असं तापलं होतं की बास. हिशेब बघणाऱ्या नानासोंना कलम दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, “व्हय की रं देवा.” मी रिलीव्हिंग लेटर छापलं, अंतिम हिशेबाचा कागद त्याला जोडला आणि आत गेले.

“हे काय?” पुष्करसरांनी विचारलं.

“तुम्ही तिला सोडलंत, त्याची कागदपत्रं. हे पत्र, हा हिशेब. हे चौऱ्याहत्तर दिवस, कलम नऊ. वाचून सही करा सर. न वाचता सही केली की काय होतं, ते या महिन्यात बघितलंय मी.”

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. “अपूर्वा, तू कुणाच्या बाजूची?”

“पत्राच्या,” मी म्हणाले. “तुमचा मेल गेलाय सर. अठरा माणसांनी ऐकलंय.”

 मग सही केली, एक नाही, दोन्ही कागदांवर. शिवांजलीनं जिन्यातच उभं राहून ते पत्र पुण्याला पाठवलं. खाली लिहिलं, बायआउटची गरज उरली नाही, पाच तारखेला हजर होते. आणि मग तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडली. मी पण रडले. मुकुल आमच्याकडं बघून पाण्याची बाटली ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, सीझनआधीच्या चाचणीतच, एका कारखान्याचा काटा बंद पडला. बाराला दुसऱ्याचा. पुष्करसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहासुद्धा मागवला. म्हणाले, “तिला फोन कर. म्हणावं, रागात गेलं. महिनाभर ये, पुण्याची तारीख तेवढी वाढवून घे.”

मी तिला फोन लावला. ती कोरेगावच्या एसटीत होती, मागं कंडक्टर ओरडत होता. निरोप सांगितला. 

“ताई, सरांना म्हणावं मेल करा. कारण लिहा. आणि कारण खरं लिहा.”

मी फोन ठेवला आणि निरोप दिला, शब्द न शब्द. पुष्करसर कीबोर्ड पुढं ओढून बसले. ‘प्रिय शिवांजली’ एवढं लिहिलं. मी समोरच उभी होते, चहा गार होत होता. पाऊण तास झाला तरी पुढची ओळ काही त्यांना लिहिता आली नाही.